डॅशबोर्डवरच्या दिव्याकडे दुर्लक्ष केलं म्हणून गाडीचा क्लेम नाकारला. तक्रारपत्र कसं लिहू?

वैदेही_करवीर | ३० ऑगस्ट, रात्री ९.४०

गाडीच्या विम्याबाबत मदत हवी आहे. जे घडलं ते सगळं लिहिते, काही लपवत नाही.

१२ जुलैला मी आणि सासरे रत्नागिरीहून कोल्हापूरला येत होतो. गाडी मीच चालवत होते. साखरपा सोडून आंबा घाट चढायला लागलो तेव्हा पाऊस धो धो कोसळत होता. एका वळणावर दरडीतून सुटलेले दगड रस्त्यावर पडले होते. समोरून ट्रक आल्यामुळे बाजूला घेता आलं नाही आणि गाडीच्या पोटाला खालून दणका बसला. वळणावर थांबायला जागा नव्हती आणि गाडी नेहमीसारखी चालत होती, म्हणून पुढे निघाले. थोड्या वेळाने लाल दिवा लुकलुकला. सासरे म्हणाले, "हा कसला दिवा गं?" तोवर तो कायमचा लागला. पुढे रस्ता जरा रुंद होता तिथे गाडी कडेला घेतली. घेता घेताच इंजिनातून टकटक आवाज यायला लागला. बंद केली. दहा मिनिटांनी एकदा किल्ली फिरवून पाहिली, पण इंजिन हललंच नाही.

गॅरेजने सांगितलं की ऑइल चेंबर फुटून सगळं ऑइल गेलंय, बेअरिंगं गेली आहेत आणि क्रँक घासलाय. हाफ इंजिन बदलायला लागेल, खर्च १,३४,०००. कंपनीने फक्त चेंबर आणि त्याचं गॅस्केट धरून ६,४०० मंजूर केले. इंजिनचा दावा नाकारलाय. २१ ऑगस्टच्या पत्रातलं वाक्य असं आहे:

"स्कॅन अहवालानुसार डॅशबोर्डवरील चेतावणी दिव्याकडे दुर्लक्ष करून वाहन ६१२ कि.मी. चालविण्यात आले आहे. सबब इंजिनचे नुकसान हे परिणामी नुकसान असून पॉलिसीच्या अट क्र. ४ चा भंग झाला आहे."

६१२ किलोमीटर! रत्नागिरी ते कोल्हापूर सगळं अंतर धरलं तरी दीडशेच्या आत आहे. पॉलिसी पूर्ण पॅकेजची आहे, पण इंजिन प्रोटेक्ट किंवा झीरो डेप घेतलेलं नाही. मी पत्राचा मसुदा असा सुरू केला आहे: "गेली अकरा वर्षे मी आपली प्रामाणिक ग्राहक असून एकही दावा केलेला नाही, तरी आपण मला खोटे ठरवले याचे अतीव दुःख झाले…" पुढे काय लिहावं ते सुचत नाहीये.

---

अभिजित_पी | ३० ऑगस्ट, रात्री १०.१५

ताई, वाईट वाटतंय, पण स्पष्ट सांगतो. इंजिन प्रोटेक्ट नसेल तर इंजिनचा क्लेम मिळत नाही. परिणामी नुकसान पॉलिसीत सरळ वगळलेलं असतं. दगडाने चेंबर फुटला, तेवढा अपघात. ऑइल गेल्यामुळे इंजिन गेलं, तो परिणाम. माझ्या मेव्हण्याला हेच उत्तर मिळालं होतं. ६,४०० घ्या आणि पुढच्या वर्षी ॲड-ऑन घ्यायला विसरू नका.

---

सुरेखा_नाईक | ३० ऑगस्ट, रात्री १०.५२

आमची गाडी २०१९ च्या पुरात सांगलीत पार्किंगमध्ये बुडाली होती. पाणी ओसरल्यावर मुलाने स्टार्टर मारला आणि इंजिन गेलं. कंपनी म्हणाली, पाण्यामुळे झालेलं नुकसान देतो, स्टार्टर मारल्यामुळे झालेलं नाही. वैदेही, तुमच्या गाडीत पाणी गेलं होतं का? मग एअर फिल्टर ओला झाल्याचे फोटो जपून ठेवा.

---

वैदेही_करवीर | ३० ऑगस्ट, रात्री ११.०५

नाही सुरेखाताई, पाणी गेलेलं नाही. नुसतं ऑइल गेलं.

---

गॅरेजवाला_इस्लामपूर | ३१ ऑगस्ट, सकाळी ७.३०

आधी मला सांगा, सर्व्हेअरच्या स्कॅनमध्ये नक्की काय आलंय? ६१२ हा आकडा आकाशातून पडलेला नाही, स्कॅनरवर कुठेतरी दिसलेला आहे. गॅरेजकडून त्या प्रिंटची कॉपी मागा. आणि गॅरेजला आजच फोन करून सांगा की कोड पुसायचे नाहीत, जुना चेंबर आणि बेअरिंगं भंगारात टाकायची नाहीत.

शिवाय दिवा कुठला होता? लाल, जुन्या तेलाच्या बुधलीसारखा, चोचीतून थेंब पडतोय असं चित्र असलेला? की पिवळा, इंजिनच्या आकाराचा?

---

वैदेही_करवीर | ३१ ऑगस्ट, दुपारी १.२०

दादा, तुम्ही विचारलंत म्हणून आत्ता गॅरेजमध्ये जाऊन प्रिंट घेऊन आले. त्यात एकच कोड आहे:

```
P0135  O2 Sensor Heater Circuit (Bank 1 Sensor 1)
Distance with MIL on: 612 km
```

घाटात लागला तो लाल, थेंबवाला. पण पिवळा इंजिनवाला दिवाही त्याआधी तीन आठवडे लागलेला होता, हे मला कबूल केलं पाहिजे. तो लागल्यावर २६ जूनला मी सर्व्हिस सेंटरला गाडी दाखवली होती. ते म्हणाले, सेन्सरचा हीटर गेलाय, पार्ट मागवतो, तोवर गाडी वापरायला हरकत नाही. ती जॉब कार्ड माझ्याकडे आहे, त्यावर "पार्ट मागवला" असं लिहिलंय.

आता भीती वाटतेय की चूक माझीच ठरणार.

---

गॅरेजवाला_इस्लामपूर | ३१ ऑगस्ट, रात्री ८.४५

घाबरू नका. उलट तुमची केस इथेच उभी राहते.

६१२ किलोमीटर हे पिवळा दिवा लागल्यापासून गाडी चाललेलं अंतर आहे. गाडीचा कॉम्प्युटर तो आकडा फक्त त्या पिवळ्या दिव्यासाठी मोजतो. P0135 म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर धूर तपासणारा जो सेन्सर असतो, त्याला गरम करणारी तार किंवा तिची वायरिंग गेली. याने धूर थोडा वाढेल, ॲव्हरेज थोडं पडेल. ऑइलशी याचा काडीचाही संबंध नाही. या कोडवर गाडी सहा महिने चालवलीत तरी बेअरिंग जाणार नाही.

लाल दिव्याची वायरिंगच वेगळी. इंजिनच्या ब्लॉकवर एक छोटा प्रेशर स्विच असतो. चालू इंजिनात ऑइलचं प्रेशर साधारण दोन ते चार बार असतं. ते घसरून अर्ध्या बारच्याही खाली गेलं की स्विच दिवा लावतो. तुमच्या प्रिंटमध्ये ऑइल प्रेशरचा कोडच नाही, म्हणजे या दिव्याची नोंद कॉम्प्युटरमध्ये झालेली नाही. लाल दिवा किती वाजता लागला, त्यानंतर गाडी किती चालली, हे सर्व्हेअरला कुठल्याही मशीनवरून कळणं शक्य नाही.

अजून एक. लोकांना वाटतं लाल दिवा ऑइल कमी झाल्याचं सांगतो. तसं नसतं. चेंबरच्या तळाशी गाळणी असते, पंप तिथून ऑइल ओढतो. ऑइल गळत राहिलं तरी गाळणी बुडालेली असेपर्यंत प्रेशर पूर्ण मिळतं आणि दिवा लागत नाही. पातळी गाळणीच्या खाली गेली की पंप हवा ओढतो आणि प्रेशर एकदम कोसळतं. आधी वळणावर, चढावर दिवा लुकलुकतो, कारण ऑइल एका बाजूला सरकतं. तुम्ही म्हणालात ना लुकलुकला, तो हाच. मग कायमचा लागतो. तेव्हा इंजिनकडे फार तर अर्धा-एक मिनिट उरलेलं असतं. म्हणजे दिव्याने तुम्हाला वेळेवर सांगितलंच नाही.

चेंबरची चीर किती मोठी आहे? आणि दगडाच्या जागेपासून थांबलेल्या जागेपर्यंत अंतर किती?

---

वैदेही_करवीर | १ सप्टेंबर, सकाळी ६.५०

चीर साधारण चार सेंटिमीटर आहे, ड्रेन नटाजवळच्या कोपऱ्यात. अंतर काल दिराबरोबर जाऊन मोजून आले: दगडाच्या वळणापासून थांबलेल्या जागेपर्यंत १.४ किलोमीटर. सासऱ्यांनी दिवा विचारला ती जागा छोट्या मोरीच्या पुलाजवळ होती, तिथून थांबेपर्यंत २०० मीटर. त्या २०० मीटरात डाव्या हाताला दरी आणि उजव्या हाताला डोंगर, कडेला पट्टीच नाही.

थांबल्यावर मी गाडीमागे रस्त्यावर पसरलेल्या ऑइलचा फोटो काढला होता, मोबाइलमध्ये वेळ ४.३६ आहे. पावसाच्या पाण्यावर इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसतात.

---

निवृत्त_सर्व्हेअर | १ सप्टेंबर, दुपारी ४.१०

मी मोटार सर्व्हेचं काम तीस वर्षं केलं. आता करत नाही, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

अभिजितचं म्हणणं पूर्ण चूक नाही. परिणामी नुकसान, झीज, यांत्रिक बिघाड, हे पॉलिसीच्या पहिल्याच भागात वगळलेलं आहे. पण "इंजिन प्रोटेक्ट नाही म्हणजे इंजिनचं काहीच नाही" हा त्यातून काढलेला निष्कर्ष फार पुढचा आहे. बाहेरून बसलेल्या दणक्याने झालेलं नुकसान पॉलिसीत आहे, आणि इंजिन हा गाडीचाच भाग आहे. दणक्यापासून इंजिन बंद पडेपर्यंत साखळी अखंड असेल, मधे कुणी नवीन चूक केली नसेल, तर ते अपघाताचंच नुकसान, असं मांडता येतं. यावर मतं दोन्हीकडे आहेत आणि निकालही दोन्हीकडे गेलेले मी पाहिलेत. खात्री कुणीच देऊ शकणार नाही.

अट क्र. ४ नीट वाचा. तिच्यात दोन गोष्टी आहेत. पहिली, गाडीचं नुकसान टाळण्यासाठी वाजवी काळजी घ्यावी आणि गाडी चालण्याजोग्या स्थितीत ठेवावी. दुसरी, अपघात किंवा बिघाड झाल्यावर आवश्यक दुरुस्ती करण्याआधी गाडी चालवली आणि नुकसान वाढलं, तर ते वाढलेलं नुकसान मालकाच्या जबाबदारीवर. कंपनीने पहिल्या गोष्टीसाठी पिवळ्या दिव्याचा आकडा वापरला आणि नुकसान दाखवलं दुसऱ्या गोष्टीचं. ही गल्लत उघडी पाडणं हा तुमच्या पत्राचा गाभा हवा. अकरा वर्षांची ग्राहक, अतीव दुःख वगैरे सगळं काढा. त्याला कंपनीत उत्तर देणारा माणूसच नसतो.

आता कठीण प्रश्न. क्लेम फॉर्मवर तुम्ही स्वतःच्या हाताने काय लिहिलंत?

---

वैदेही_करवीर | १ सप्टेंबर, संध्याकाळी ६.३०

काका, मोबाइलमध्ये फोटो आहे. "घाटात खाली दगड लागल्याचा आवाज आला. पुढे गेल्यावर लाल दिवा लागला व गाडी बंद पडली." एवढंच लिहिलं होतं. रकान्यात जागाच तेवढी होती.

---

अभिजित_पी | १ सप्टेंबर, संध्याकाळी ७.०२

हे वाक्यच अडचणीचं आहे. "पुढे गेल्यावर" म्हणजे दणका कळूनही गाडी चालवली, असंच ते वाचणार. दणका बसल्यावर खाली उतरून बघायला हवं होतं, असं कंपनी म्हणेल. मी कंपनीच्या जागी असतो तर मीही तेच म्हटलं असतं.

---

निवृत्त_सर्व्हेअर | १ सप्टेंबर, रात्री ८.२०

अभिजित, हा मुद्दा मात्र बरोबर आहे, आणि पत्रात तो टाळून चालणार नाही.

वैदेहीताई, फॉर्मवरचं वाक्य बदलू नका. "मला दणका कळलाच नाही" असं आता म्हणू नका, तो खोटेपणा ठरेल आणि सगळंच कोसळेल. पण फॉर्मने जे सांगितलं नाही ते पत्रात भरा. "पुढे" म्हणजे किती? १.४ किलोमीटर. वेग किती? धो धो पावसात घाट चढताना पंचवीस-तीसच्या वर जात नाही, म्हणजे तीन मिनिटं. त्या तीन मिनिटांत डॅशबोर्डवर काय होतं? शेवटच्या २०० मीटरपर्यंत काहीच नाही. २०० मीटर म्हणजे त्या वेगाने अर्धं मिनिट. थांबायला सुरक्षित जागा का नव्हती, हे दाखवणारे रस्त्याचे फोटो जोडा.

आणि तो स्टार्टर मारल्याचा प्रसंगही लिहा. इंजिन आधीच जाम होतं, हललं नाही, त्यामुळे त्याने नुकसान वाढलं नाही. त्यांना तो दुसरीकडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळू दे.

मागणीचा आकडाही खरा मांडा. गाडी कधीची आहे?

---

वैदेही_करवीर | १ सप्टेंबर, रात्री ८.४१

नोंदणी फेब्रुवारी २०२२ ची. पेट्रोल, १२०० सीसी. अंदाजपत्रकात धातूचे भाग १,०२,०००, सील-गॅस्केट ४,०००, मजुरी २८,०००.

---

निवृत्त_सर्व्हेअर | १ सप्टेंबर, रात्री ९.०५

म्हणजे गाडी तीन वर्षांची होऊन गेली, चारच्या आत. धातूच्या भागांवर २५ टक्के घसारा, म्हणजे १,०२,००० चे ७६,५००. रबराच्या भागांवर ५० टक्के, ४,००० चे २,०००. मजुरी पूर्ण २८,०००. बेरीज १,०६,५००. त्यातून सक्तीची वजावट १,०००, पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला तेवढीच असते. उरले १,०५,५००. पत्रात १,३४,००० मागितलेत तर पहिल्याच ओळीत ते तुम्हाला पॉलिसी न वाचलेली समजतील. १,०५,५०० मागा.

---

मुग्धा_देशपांडे | २ सप्टेंबर, सकाळी ११.१५

मी ग्राहक मंचाचं काम करते, सर्व्हेतलं कळत नाही. दोन गोष्टी सांगते.

सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली ईशरदास मदनलाल प्रकरणात म्हटलंय की वगळणुकीच्या कलमावर बोट ठेवायचं असेल तर ते लागू होतं हे विमा कंपनीने सिद्ध करायचं. ६१२ किलोमीटरचं ओझं तुमच्या खांद्यावर नाही, त्यांच्या खांद्यावर आहे.

दुसरं, २०१९ च्या सौराष्ट्र केमिकल्स निकालानुसार नकाराच्या पत्रात न दिलेलं कारण कंपनीला नंतर न्यायालयात पुढे करता येत नाही. म्हणून २१ ऑगस्टचं पत्र सोन्यासारखं जपा. त्यात दोनच कारणं आहेत, तुमचं उत्तरही त्या दोन्हींपुरतंच ठेवा. नवीन मुद्दे स्वतःहून त्यांच्या हातात देऊ नका.

पत्र तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने पाठवा आणि बीमा भरोसावरही नोंदवा, bimabharosa.irdai.gov.in. कंपनीकडे चौदा दिवस असतात. नकार आला, किंवा महिनाभर उत्तरच आलं नाही, तर विमा लोकपाल. कोल्हापूरसाठी पुणे कार्यालय. फी नाही, वकील चालत नाही. नकारापासून एक वर्षाची मुदत. फक्त लोकपालाकडे जाताना त्याच विषयावर ग्राहक आयोगात केस चालू असता कामा नये.

---

वैदेही_करवीर | ३ सप्टेंबर, रात्री १०.३०

सगळ्यांनी सांगितलेलं धरून पत्र लिहिलं आहे. वाचून सांगा.

> प्रति,
> तक्रार निवारण अधिकारी
>
> विषय: दावा क्र. ——, दि. २१ ऑगस्ट रोजीच्या नकाराच्या पत्राविरुद्ध तक्रार
>
> महोदय,
>
> आपल्या पत्रात दोन कारणे दिली आहेत: डॅशबोर्डवरील चेतावणी दिव्याकडे दुर्लक्ष करून वाहन ६१२ कि.मी. चालविले, आणि त्यामुळे इंजिनचे नुकसान हे परिणामी नुकसान ठरून अट क्र. ४ चा भंग झाला. ही दोन्ही कारणे मला मान्य नाहीत.
>
> ६१२ कि.मी. हा आकडा सोबत जोडलेल्या स्कॅन प्रिंटमध्ये आहे. तो कोड P0135 चा आहे आणि पिवळा इंजिन दिवा लागल्यापासूनचे ते अंतर आहे. हा दोष ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचा असून त्याचा इंजिनच्या वंगणाशी संबंध नाही. या दिव्याकडे मी दुर्लक्ष केलेले नाही. २६ जून रोजी वाहन सर्व्हिस सेंटरला दाखविले व पार्ट मागविण्यात आला. जॉब कार्ड सोबत आहे.
>
> इंजिनचे नुकसान ऑइल गेल्यामुळे झाले. ऑइलच्या दाबाचा लाल दिवा वेगळा असून त्याची कोणतीही नोंद स्कॅन प्रिंटमध्ये नाही. हा दिवा १२ जुलैपूर्वी कधीही लागला होता असे आपणांस म्हणायचे असल्यास त्याचा पुरावा मला द्यावा.
>
> प्रत्यक्षात घडले ते असे. १२ जुलै रोजी दुपारी सुमारे साडेचारच्या सुमारास आंबा घाटात दरडीतून पडलेला दगड वाहनाला खालून लागला. वळण, समोरून आलेला ट्रक व मुसळधार पाऊस यांमुळे तेथे थांबणे सुरक्षित नव्हते. वाहन चालण्यात फरक नव्हता व कोणताही दिवा लागलेला नव्हता. सुमारे १.२ कि.मी. नंतर लाल दिवा लुकलुकून कायम लागला. तेथून सुमारे २०० मीटरवर पहिली सुरक्षित जागा मिळताच मी वाहन थांबवून इंजिन बंद केले. दगड लागल्यापासून थांबेपर्यंत एकूण सुमारे १.४ कि.मी. व तीन मिनिटे गेली. नंतर एकदा इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न केला, परंतु ते आधीच जाम झालेले असल्याने फिरले नाही. रस्त्याचे व सांडलेल्या ऑइलचे फोटो, वेळेसह, सोबत आहेत.
>
> दगडाचा आघात, चेंबर फुटणे, ऑइल जाणे व इंजिन जाम होणे ही एकाच अपघाताची सलग साखळी आहे. दुरुस्ती आवश्यक आहे हे मला समजल्यानंतर वाहन केवळ सुरक्षित जागी थांबविण्यापुरते चालले. त्यामुळे अट क्र. ४ लागू होत नाही.
>
> तरी नकाराचे पत्र मागे घेऊन घसारा व सक्तीची वजावट जाता रु. १,०५,५०० मंजूर करावेत. सर्व्हे अहवालाची व आपण ज्यावर विसंबलात त्या सर्व नोंदींची प्रत मला द्यावी. चेंबर, बेअरिंगे व क्रँक गॅरेजमध्ये जपून ठेवले असून माझ्या उपस्थितीत त्यांची फेरतपासणी करता येईल.
>
> आपली,

---

निवृत्त_सर्व्हेअर | ४ सप्टेंबर, सकाळी ९.३०

चांगलं झालंय. दोन बदल करा. "तेथे थांबणे सुरक्षित नव्हते" ही जागा दगडाजवळची आहे, पण तिथून पुढच्या १.२ किलोमीटरात थांबायला जागा होती का, हे ते विचारणारच. असेल तर लपवू नका, फक्त एवढं लिहा की वाहन नेहमीसारखं चालत असल्याने थांबण्याचं कारण तुम्हाला दिसलं नाही. त्यात लाजण्यासारखं काही नाही, घाटात खाली दगड लागणं रोजचं आहे.

दुसरं, शेवटचं ऑइल कधी बदललं होतं ते लिहा आणि बिल जोडा. नाहीतर ते जुन्या ऑइलची आणि झिजेची कथा रचतील.

---

गॅरेजवाला_इस्लामपूर | ४ सप्टेंबर, दुपारी २.१५

काकांच्या शेवटच्या मुद्द्याला जोड देतो. फेरतपासणीत बेअरिंगच्या वाट्या बघायला सांगा. अचानक ऑइल तुटलं की वाट्यांचा पत्रा घासून वितळल्यासारखा चकाकतो, कडेने निळसर पडतो. ऑइल महिनोन्‌महिने बदललं नसेल तर हेडच्या झाकणाखाली आणि चेंबरच्या तळाला काळी पेस्ट साचते. तुमच्या चेंबरात आतून पेस्ट आहे का, बोट फिरवून बघा आणि फोटो काढा.

---

वैदेही_करवीर | ४ सप्टेंबर, रात्री ९.५०

ऑइल १० मे रोजी बदललं होतं, बिल मिळालं. चेंबर आतून पुसून पाहिला. बोटाला फक्त सोनेरी-तपकिरी ऑइल लागलं, पेस्ट नाही. फोटो काढले. पुढच्या १.२ किलोमीटरात एका ठिकाणी चहाच्या टपरीपुढे जागा होती, पावसात मला ती दिसली नाही. तेही लिहिलं. पत्र आत्ता पाठवलं.

---

सुरेखा_नाईक | ५ सप्टेंबर, सकाळी ८.०५

टपरीचं नसतं लिहिलं तर चाललं असतं असं मला वाटतं. पण तुमची मर्जी.

---

वैदेही_करवीर | १९ सप्टेंबर, संध्याकाळी ५.४०

आज उत्तर आलं. ६१२ किलोमीटरबद्दल लिहिलंय, "सदर आकडा अन्य दोषाशी संबंधित असल्याचे निदर्शनास आले आहे." तो मुद्दा सोडला. पण परिणामी नुकसानावर ते ठाम आहेत. आता म्हणतात, आघात झाल्यावर वाहनधारकाने तपासणी न करता वाहन चालविले. टपरीचा उल्लेखही त्यात आहे. सोबत २४ तारखेला दुसऱ्या सर्व्हेअरची फेरतपासणी ठेवली आहे.

सुरेखाताई, टपरीचं लिहिल्याचा मला पश्चात्ताप नाही. दीर म्हणाले, त्या जागेवर ट्रकवाले रोज थांबतात, ते कुणीही सांगितलं असतं.

---

मुग्धा_देशपांडे | १९ सप्टेंबर, रात्री ८.१०

"तपासणी न करता चालविले" हे २१ ऑगस्टच्या पत्रात नव्हतं. तेव्हा दिव्याकडे दुर्लक्ष हेच कारण होतं. दोन्ही पत्रं शेजारी ठेवून लोकपालाकडच्या अर्जात हा फरक दाखवा. अट क्र. ४ चा उल्लेख पहिल्या पत्रात होता, म्हणून ते म्हणतील की कारण तेच, खुलासा फक्त नवा. यावर लोकपाल काय म्हणतील ते मी आज सांगू शकत नाही.

---

निवृत्त_सर्व्हेअर | १९ सप्टेंबर, रात्री ९.००

२४ तारखेला तुम्ही स्वतः हजर राहा आणि इस्लामपूरच्या दादांना जमलं तर सोबत न्या. सर्व्हेअर बेअरिंगच्या वाट्या उचलण्याआधी प्रत्येकीचा नंबर दिसेल असा फोटो घ्या. चेंबर उलटा ठेवून चिरेवर मोजपट्टी धरून एक फोटो. तपासणी झाल्यावर काय काय पाहिलं याची यादी कागदावर लिहून त्यावर त्यांची सही मागा. सही नाही दिली तर तीच यादी त्याच दिवशी ईमेलने पाठवा.

---

गॅरेजवाला_इस्लामपूर | १९ सप्टेंबर, रात्री ९.२५

येतो ताई. २४ ला बुधवार आहे, गॅरेज दुपारपर्यंत पोरगा बघेल. तोवर पार्ट पोत्यात बांधून कोरड्या जागी ठेवा आणि वाट्यांना हलकं ऑइल लावा, नाहीतर गंज चढला की घासल्याची खूण बुजेल.